मराठी टायपिंग आणि दुखरी करंगळी : कीबोर्ड-माऊस निवडताना काय पाहाल?

कॉम्प्युटरवर तासन् तास काम करणाऱ्यांची हातदुखी आता नवीन राहिलेली नाही. पण जे लोक दिवसभर मराठीत टाईप करतात, म्हणजे भाषांतरकार, डीटीपी करणारे, पत्रकार, कोर्टातले आणि सरकारी कचेऱ्यांतले टंकलेखक, त्यांची तक्रार इंग्रजीवाल्यांपेक्षा थोडी वेगळी असते. त्यांना विचारलं, "नेमकं कुठे दुखतं?" तर बरेच जण उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या खालची मनगटाची बाहेरची बाजू दाखवतात. ही तक्रार योगायोगाने येत नाही. मराठी कीबोर्डवर अक्षरं कशी मांडली आहेत, यात तिचं मूळ आहे.

म्हणून कीबोर्ड घेताना दिवे, रंग आणि वायरलेस आहे की नाही हे नंतर बघा. आधी त्याची उजवी कडा बघा. असं मी का म्हणतो ते या लेखात सांगतो.

अक्षरांची मांडणी आणि करंगळीचं काम

मराठी टाईप करण्याच्या मुख्यतः तीन पद्धती आहेत. जुने टंकलेखक रेमिंग्टन वापरतात, म्हणजे टाईपरायटरचीच मांडणी. बरेच जण रोमन अक्षरांतून लिहितात, त्याला फोनेटिक म्हणतात. तिसरी पद्धत इनस्क्रिप्ट. ती भारतीय मानक ब्युरोने ठरवून दिलेली आहे आणि विंडोजमध्ये आधीपासूनच असते. रोज खूप लिहिणाऱ्यांनी इनस्क्रिप्ट शिकावी असं मला वाटतं, म्हणून इथे मुख्यतः तिच्याबद्दल बोलतो.

इनस्क्रिप्टचा हिशोब सोपा आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच बटणावर. दुसरं अक्षर शिफ्ट दाबून. मराठीत व्यंजनामागून मात्रा येत असते, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. ही मांडणी शिकायला सोपी आणि हाताला बऱ्यापैकी न्याय देणारी आहे.

अडचण फक्त एका ठिकाणी आहे. व्यंजनं इतकी आहेत की उजव्या बाजूला त्यांची गर्दी होते आणि ती सगळी करंगळीच्या वाट्याला येते. ज-झ, ड-ढ, च-छ, ट-ठ, य, शिवाय डॉक्टरमधला ॉ आणि कृपयामधला ृ ही सगळी उजव्या करंगळीची बटणं आहेत. इंग्रजीत याच जागांवर P सोडला तर स्वल्पविरामासारखी चिन्हं, कंस आणि तिरक्या रेघा असतात, ज्या क्वचित लागतात. मराठीत मात्र च आणि य शिवाय एक वाक्य पुरं होणं कठीण. चा, ची, चे, च्या, या, आल्या, गेल्या... तुम्हीच मोजा.

मी एकदा मोजून पाहिलं. "डॉक्टरांच्या" हा शब्द घ्या. तो लिहायला बारा बटणं दाबावी लागतात : ड, ॉ, क, हलन्त, ट, र, काना, अनुस्वार, च, हलन्त, य, काना. यातली ड, ॉ, ट, च आणि य ही पाच बटणं उजव्या करंगळीची. मग एक अख्खं वाक्य घेतलं : "रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सही केली आणि औषधे घेतली". शब्दांमधल्या मोकळ्या जागा सोडून एकूण ७१ वेळा बटण दाबावं लागलं, त्यात १५ वेळा उजवी करंगळी. म्हणजे साधारण दर पाचव्या वेळी. एंटर आणि बॅकस्पेस यात धरलेलेच नाहीत, आणि तेही तिच्याच वाट्याचे.

बॅकस्पेसची आणखी एक गंमत आहे. बहुतेक प्रोग्रॅममध्ये तो मराठीत एका वेळी एकच तुकडा खोडतो. "च्या" खोडायला तो चार वेळा दाबावा लागतो. हाताच्या पाच बोटांत सगळ्यात कमी ताकदीचं बोट हेच, आणि वरच्या कोपऱ्यातलं बॅकस्पेस गाठायला तळहात बाहेरच्या बाजूला वाकतो. दिवसातून शेकडो वेळा मनगट असं करंगळीकडे वाकलं की त्या बाजूचे स्नायुबंध कुरकुरायला लागतात.

रोमनमधून लिहिणाऱ्यांनी हसू नये. त्यांचं दुखणं डाव्या करंगळीत जातं. `vidyaarthyaanchyaa` हे लिहून बघा. अठरा अक्षरांत सहा वेळा `a`, आणि ते डाव्या करंगळीचं बटण आहे. ज्या पद्धतीत थोडी अक्षरं लिहिल्यावर शब्दांची यादी समोर येते, तिथे `vidyarthyanchya` एवढ्यावरही काम भागतं. तुमचं डावं बोट दुखत असेल तर नवा कीबोर्ड घेण्याआधी ते करून बघा.

उजवा शिफ्ट : सर्वांत दुर्लक्षित बटण

इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट खूप लागतो. ख, घ, थ, ध, भ, श, ळ, ण आणि शब्दाच्या सुरुवातीचे अ, आ, इ, उ, ए हे सगळे शिफ्टसोबत. नियम असा की अक्षर ज्या हाताचं, शिफ्ट त्याच्या उलट्या हाताचा. ख, थ, श ही उजव्या हाताची अक्षरं, त्यांना डावा शिफ्ट. आ, अ, इ आणि ण ही डाव्या हाताची, त्यांना उजवा शिफ्ट.

आता "आणि" हा शब्द बघा. आ साठी उजवा शिफ्ट, लगेच ण साठी पुन्हा उजवा शिफ्ट, मग वेलांटी. मराठीत हा शब्द आपण किती वेळा लिहितो! ज्यांना उजव्या शिफ्टची सवय नाही, ते डाव्या करंगळीने डावा शिफ्ट दाबून त्याच हाताच्या मधल्या बोटाने C वरचा ण ओढतात. हात चिमट्यासारखा आवळला जातो आणि मनगट वाकडं होतं. तुम्ही कोणता शिफ्ट वापरता हे आत्ताच "आणि आणि आणि" असं दहा वेळा लिहून बघा. आपलं आपल्याला कळतं.

उजवा शिफ्ट वापरायचा तर तो वापरण्यासारखा असावा लागतो. नेहमीच्या कीबोर्डवर तो रुंद असतो, साध्या बटणाच्या अडीचपट तरी. लहान आकाराच्या कीबोर्डवर आणि काही लॅपटॉपवर मात्र बाणाची बटणं बसवण्यासाठी त्याचाच बळी दिला जातो. तो एका बटणाएवढा उरतो. काही ठिकाणी तर य चं बटण आणि शिफ्ट यांच्यामध्ये वरचा बाण घुसवलेला असतो. इंग्रजीत हे चालून जातं. मराठीत दर ओळीला त्रास होतो.

म्हणून दुकानात गेल्यावर पुढच्या गोष्टी डोळ्यांनी तपासा :

- उजवा शिफ्ट रुंद आहे का आणि तो य च्या (`/`) अगदी शेजारी आहे का?
- च (`;`), ट (`'`), ड (`[`) ही बटणं इतर बटणांच्याच आकाराची आहेत का, की कडेला म्हणून बारीक केली आहेत?
- ॉ (`\`) एंटरच्या वर, नेहमीच्या जागी आहे का?

तिसरा मुद्दा परदेशातून आणलेल्या कीबोर्ड-लॅपटॉपला विशेष लागू होतो. मुलाने लंडनहून लॅपटॉप पाठवला तर त्यावर एंटर उभा आणि मोठा असतो, डावा शिफ्ट अर्धा असतो आणि ॉ चं बटण एक ओळ खाली, एंटरला चिकटून येतं. "ऑफिस" आणि "डॉक्टर" लिहिताना बोट रोज चुकतं. भारतात सहसा मिळतो तो अमेरिकी पद्धतीचा आडव्या एंटरचा कीबोर्डच इनस्क्रिप्टला सोयीचा.

बटणांवर मराठी अक्षरं छापलेली हवीत का? सुरुवातीला वाटतं हवीत. पण छापील अक्षरं असली की नजर खाली जाते, मान वाकते, आणि मग मानेची तक्रार घेऊन लोक येतात. चिकटवायचे स्टिकर घेतलेच तर त्यावर इनस्क्रिप्ट आहे की रेमिंग्टन हे आधी पाहा, कारण दोन्ही बाजारात मिळतात. त्यापेक्षा पहिले दोन-तीन आठवडे पडद्यावरचा कीबोर्ड उघडा ठेवा. विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबा आणि येणाऱ्या चौकटीत हे लिहा :

```
osk
```

मराठी भाषा निवडलेली असेल तर त्यावर मराठी अक्षरं दिसतात. नजर समोर राहते आणि मानही सरळ राहते.

बटण किती जोराने दाबावं लागतं? नाण्यांची चाचणी

बटणाचा "स्पर्श" हा शब्द जाहिरातीत फार येतो, पण तो मोजता येतो. साधारण कीबोर्डचं बटण ४५ ते ६५ ग्रॅम वजनाने दबतं. दहा-वीस ग्रॅमचा फरक एका वेळेला काहीच वाटत नाही. पण दिवसाला वीस हजार वेळा बटण दाबणाऱ्याच्या करंगळीला तो नक्की कळतो.

कीबोर्डचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला रबराच्या घुमटाचा, जो सगळीकडे स्वस्तात मिळतो. यात अक्षर उमटायला बटण जवळजवळ तळापर्यंत दाबावं लागतं, आणि रबर जुनं झालं की काही बटणं जड होतात. दुसरा लॅपटॉपसारखा चपट्या बटणांचा. त्यात बटण जेमतेम दीड-दोन मिलिमीटर खाली जातं, बोटाला फार प्रवास नसतो, पण जोरात टाईप करणाऱ्याचं बोट तळावर आपटतं. तिसरा मेकॅनिकल. यात प्रत्येक बटणाला स्वतःची स्प्रिंग असते. बटण चार मिलिमीटर जातं, पण अक्षर निम्म्या वाटेतच उमटतं, त्यामुळे तळापर्यंत दाबायची गरज नसते. मात्र ही सवय लागायला वेळ लागतो.

मेकॅनिकलमध्येही हलकं आणि जड असतं. "लाल" म्हणून ओळखली जाणारी बटणं साधारण ४५ ग्रॅमला दबतात आणि त्यात मध्ये अडथळा नसतो. "निळी" त्याहून जड आणि टक्-टक् आवाजाची. टाईपरायटरवर हात बसलेल्या मंडळींना निळी आवडतात, कारण अक्षर उमटल्याचं बोटाला आणि कानाला कळतं. पण करंगळी दुखत असेल तर मी हलकी बटणं सुचवतो. अगदीच हलकी, म्हणजे ३५ ग्रॅमची बटणंही मिळतात. त्यांवर बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं आणि मग बॅकस्पेस वाढतो. म्हणजे करंगळीचंच काम वाढलं.

घरच्या कीबोर्डची तपासणी अशी करा. दहा रुपयांचं नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं. वर्डमध्ये मराठी चालू करा. च च्या बटणावर खोडरबराचा नखाएवढा तुकडा मधोमध ठेवा, म्हणजे नाणी शेजारच्या बटणांना टेकणार नाहीत. मग त्यावर एकेक नाणं अलगद रचत जा. ज्या नाण्याला च उमटेल ते मोजा. सहा नाणी म्हणजे सुमारे ४६ ग्रॅम, सात म्हणजे ५४, आठ म्हणजे ६२. आठपर्यंत ठीक. नऊ-दहा लागली तर ते बटण करंगळीसाठी जड आहे. हीच चाचणी य वर आणि मग मधल्या क वर करा. क सात नाण्यांना दबतो आणि च दहा नाण्यांना, असं निघालं तर कडेची बटणं थकली आहेत, कीबोर्ड बदलायची वेळ झाली.

एका ताईंची गोष्ट

माझ्याकडे येणाऱ्या एक ताई भाषांतराचं काम करतात. वय अठ्ठेचाळीस. दोन महिने उजव्या मनगटाची बाहेरची बाजू आणि करंगळी संध्याकाळपर्यंत ठणकायची. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, पकड चांगली. साखर आणि थायरॉइड तपासले, ठीक होते. एका मोठ्या पुस्तकाचं काम हातात होतं आणि मुदत जवळ आली होती. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हे काम परत देऊ का? की इनस्क्रिप्ट सोडून पुन्हा रोमनमधून लिहू?"

मी त्यांना टाईप करतानाचा हातांचा व्हिडिओ काढून आणायला सांगितला, वरून एक आणि बाजूने एक. त्यात चार गोष्टी दिसल्या. मुलाने दिलेला कीबोर्ड लहान आकाराचा होता. उजवा शिफ्ट एका बटणाएवढा आणि त्याच्या अलीकडे वरचा बाण. "आणि" लिहिताना बोट बाणावर पडून कर्सर वरच्या ओळीत जायचा, म्हणून त्यांनी नकळत हात बाहेर वळवून शिफ्ट शोधायची सवय लावून घेतली होती. दुसरं, कीबोर्डचे मागचे पाय उघडलेले होते, त्यामुळे मनगट वर वाकलेलं. तिसरं, कीबोर्ड आणि माऊस यांच्यामध्ये मूळ पुस्तक उघडं ठेवलेलं, म्हणजे शब्दकोश पाहायला दर मिनिटाला हात लांब बाहेर. चौथी गोष्ट नाण्यांनी कळली : क आठ नाण्यांना दबत होता, च दहा नाण्यांना.

उपाय महागडे नव्हते. चार दिवस टायपिंग निम्म्यावर आणलं. मग रुंद उजव्या शिफ्टचा, हजार रुपयांच्या आतला साधा पूर्ण आकाराचा कीबोर्ड त्यांनी दुकानात नाणी लावून निवडला. च सात नाण्यांना दबला. दुकानदार हसला, पण त्याने लावू दिली! मागचे पाय मिटवले. पुस्तक पडद्याशेजारी उभ्या स्टँडवर गेलं. माऊस डाव्या हाताला घेतला. चूक खोडताना बॅकस्पेस सात-आठ वेळा दाबण्याऐवजी डावा कंट्रोल धरून एकदा बॅकस्पेस दाबायचा, म्हणजे अख्खा शब्द जातो आणि तो पुन्हा लिहायचा. सुरुवातीचे दोन आठवडे त्यांनी विंडोजमधली स्टिकी कीज ही सोयही वापरली. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबला की ती सुरू करायची चौकट येते. मग शिफ्ट धरून ठेवावा लागत नाही. एकदा दाबून सोडायचा, पुढचं अक्षर आपोआप शिफ्टचं येतं.

सहा आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा रोजची ठणक गेली होती. मुदतीच्या दिवसांत, सात-आठ तास काम झालं की अजून थोडं जाणवतं, असं म्हणाल्या. काम परत द्यावं लागलं नाही.

माऊस : किती लांब, आणि कोणत्या हाताला?

माऊसचा प्रश्न मुळात अंतराचा आहे. पूर्ण आकाराच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांची चौकट असते. एका बटणाला साधारण १९ मिलिमीटर जागा लागते, अशा चार रांगा आणि मधली फट धरली तर माऊस आठ सेंटिमीटरहून जास्त बाहेर सरकतो. कोपर अंगापासून सुटतं आणि खांदा सतत ताणलेला राहतो. हिशोबनीस सोडले तर मराठी लिहिणाऱ्यांना ही चौकट फारशी लागत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. एक, आकड्यांची चौकट नसलेला, पण बाकी सगळी बटणं पूर्ण आकाराची असलेला कीबोर्ड घ्यायचा. त्याला टेनकीलेस म्हणतात. "मिनी" म्हणून विकला जाणारा लहान कीबोर्ड वेगळा, तो बऱ्याचदा शिफ्टचा बळी देणारा. गल्लत करू नका. दुसरा मार्ग फुकटचा : माऊस डाव्या हाताला घ्यायचा. डावीकडे आकड्यांची चौकटच नसते, त्यामुळे माऊस आपोआप जवळ येतो आणि उजव्या हाताला टायपिंगव्यतिरिक्त दुसरं काम उरत नाही. पहिला आठवडा वैताग येतो, पुढे सवय होते. त्यासाठी दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माऊस हवा. उजव्या हाताच्या आकाराला कोरलेला चालत नाही.

उभा माऊस घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. त्यात तळहात टेबलाकडे न वळता हस्तांदोलनासारखा राहतो, त्यामुळे हाताचा पुढचा भाग पिळला जात नाही. कोपराच्या किंवा अंगठ्याकडच्या दुखण्यात काहींना चांगला आराम पडतो. पण मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात मोजून घ्या. हात १९ सेंटिमीटरपर्यंत असेल तर लहान आकाराचा उभा माऊस. लहान हाताला मोठा माऊस दिला तर बोटं ताणली जातात आणि फायदा उलटतो. उभा माऊस डाव्या हाताचा वेगळा मिळतो, हेही लक्षात ठेवा.

कोणत्या कंपनीचा घ्यावा?

मी कोणाची जाहिरात करत नाही, पण प्रश्न येतोच. साध्या कीबोर्डमध्ये लॉजिटेक, डेल, एचपी यांचे पूर्ण आकाराचे नमुने वर्षानुवर्षे त्याच मांडणीत मिळतात. हा मोठा गुण आहे, कारण जुना खराब झाला की तोच पुन्हा घेता येतो आणि करंगळीला नव्याने शिकावं लागत नाही. टीव्हीएसचा गोल्ड कीबोर्ड कचेऱ्यांतल्या आणि डीटीपीवाल्यांच्या ओळखीचा : मेकॅनिकल, आवाजी, दणकट आणि शिफ्ट पूर्ण रुंद. पण हलका नाही. हात निरोगी असेल तर उत्तम, करंगळी आधीच दुखत असेल तर आधी नाणी लावून बघा. काही हजार खर्च करायची तयारी असेल तर कीक्रॉनसारख्या कंपन्यांचे टेनकीलेस कीबोर्ड हलक्या लाल बटणांसह मिळतात. त्यातल्या काहींत एखादं बटण बिघडलं तर खालची यंत्रणा तेवढीच काढून बदलता येते. मराठीत य, च आणि हलन्त आधी झिजतात, त्यामुळे ही सोय उपयोगी आहे. मात्र हे कीबोर्ड उंच असतात, समोर मनगटाच्या उंचीची पट्टी लागते. ती पट्टी थांबल्यावर हात टेकवायला आहे. टाईप करताना मनगट तिच्यावर रोवून ठेवायचं नाही.

उभ्या माऊसमध्ये लॉजिटेकचा लिफ्ट लहान-मध्यम हातासाठी आहे आणि त्याची डाव्या हाताची आवृत्तीही निघते. कोणतीही कंपनी घ्या, पण परत करायची मुदत असलेल्या ठिकाणाहून घ्या आणि त्या मुदतीत रोजचं खरं काम त्यावर करून बघा. पाच मिनिटांत काहीच कळत नाही.

कीबोर्ड बदलून जे बरं होणार नाही

शेवटी डॉक्टर म्हणून सांगायचं ते. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येत असतील, रात्री हात झटकावासा वाटत असेल, तर मनगटातली शीर दबत असण्याची शक्यता आहे. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण यांतही हे होतं, आणि ते कीबोर्डमुळेच झालं असं सहसा ठामपणे म्हणता येत नाही. करंगळी आणि अनामिकेत बधिरपणा असेल तर दुसरी शीर, जी कोपराच्या मागून जाते. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणाऱ्यांना हे होतं. तिथे नाण्यांची चाचणी उपयोगाची नाही, आधी तपासणी.

वस्तू हातातून निसटत असतील, अंगठ्याखालचा मांसल भाग सुकल्यासारखा दिसत असेल, सकाळी बोटांचे सांधे अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेले राहून सुजत असतील, किंवा मानेतून हातात कळ जात असेल, तर कीबोर्डच्या दुकानात जाण्याआधी डॉक्टरकडे जा. दिवसभर काम करून दुखतं आणि रविवारी थांबतं, असं साधं दुखणं असेल तर मात्र आजच तीन गोष्टी करा : मागचे पाय मिटवा, माऊस डावीकडे घ्या आणि च वर नाणी रचून बघा. तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर दाखवायला या, आणि येताना हातांचा व्हिडिओ घेऊन या.